एकच देखावा, चार वेळा

पहाटेचें वर्णन करावयास सांगितलें असतां आमच्या शाळांतील बहुतेक विद्यार्थी एकाच वाटेनें जातात. कोंबडा आरवतो, पांखरें किलबिल करूं लागतात, बायका जात्यावर बसतात, गुराखी गुरें सोडतो. दुपारचें वर्णन असल्यास गुरें झाडाखालीं बसतात आणि शेतकरी भाकरी सोडतो. संध्याकाळीं तींच गुरें धूळ उडवीत परत येतात. यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु कोंबडा, गुराखी व गुरें हीं काढून घेतलीं तर मागें उरलेल्या वर्णनांत पहाट कोठें आहे, असें विचारल्यास उत्तर देतां येत नाहीं. ज्यामुळें पहाट ही पहाट होते तो उजेडच त्या वर्णनांत आलेला नसतो.

म्हणून या लेखांत आम्ही वाचकांपुढें एक वेगळा प्रयोग मांडणार आहों. एक देखावा घ्यावयाचा. त्यांतील वस्तु, त्यांच्या जागा व त्यांचा क्रम एकदां ठरवून टाकावयाचा. आणि मग पहाट, दुपार, तिन्हीसांज व रात्र हीं चारहि त्याच देखाव्यांत दाखवावयाचीं. बदलावयाचे ते केवळ उजेडाचे शब्द. नवा पक्षी आणावयाचा नाहीं, माणूस आणावयाचा नाहीं, आवाज आणावयाचा नाहीं, आणि “पहाट झाली होती” असें वेळेचें नांव तर मुळींच घ्यावयाचें नाहीं. इतकें करून वाचणाऱ्यानें वेळ ओळखली, तर वर्णन साधलें.

चित्रकलेंत हा प्रयोग पूर्वींच झालेला आहे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानें १८९२ व १८९३ या दोन वर्षीं रूआँ शहरांतील मोठ्या चर्चसमोर खोल्या मिळवून तेथील खिडक्यांतून त्या एकाच इमारतीचीं तीसांहून अधिक चित्रें काढिलीं. इमारतीचा दर्शनी भाग तोच, कमानी त्याच, मनोरे तेच. तो एकाच वेळीं अनेक फळे चालूं ठेवी, आणि उजेड पालटला कीं हातांतील फळा बाजूस ठेवून त्या उजेडाचा फळा पुढें घेई. त्या चर्चचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. म्हणून सकाळच्या चित्रांत तो निळसर छायेंत दिसतो, आणि ऊन त्यावर येतें तें दुपार कलूं लागल्यावर. १८९५ सालीं यांपैकीं वीस चित्रें पॅरिस येथें एकत्र मांडण्यांत आलीं. इमारत हलली नाहीं, म्हणूनच पाहणाऱ्यांस उजेड हललेला दिसला. शब्दांनीं लिहितांनाहि हाच नियम लागू आहे.

आतां आपला देखावा ठरवूं. प्रथम पाहणाऱ्याचें तोंड कोणीकडे आहे तें सांगितलें पाहिजे, कारण दिशा ठरल्यावांचून उजेड कोणत्या अंगानें येणार हें कळावयाचें नाहीं. आपण उत्तरेकडे तोंड करून उभे आहों. म्हणजे पूर्व उजव्या हातास, पश्चिम डाव्या हातास, आणि दक्षिण पाठीमागें आली. स्थळ पुण्याच्या आसपासचें एखादें गांव. दिवस २० किंवा २१ मार्चचा, कारण त्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेस उगवतो व बरोबर पश्चिमेस मावळतो, त्यामुळें आपला हिशोब सोपा होतो. रात्र पौर्णिमेची धरूं. असा योग कांहीं वर्षीं येतोहि. २०१९ सालीं होळी २० मार्च रोजींच होती.

देखाव्याचा सांगाडा असा:

समोर मध्यभागीं एक गोल विहीर आहे. तिच्या दगडी कांठावर तांब्याची एक घागर ठेवलेली आहे. उजव्या हातास चिंचेचें एक झाड उभें आहे. डाव्या हातास चुना दिलेली एक भिंत आहे, आणि तिच्या कोनाड्यांत एक पणती आहे. पलीकडे दूर एक टेकडी आहे. वर आकाश पसरलें आहे.

या सांगाड्यांत उजेडाचा एकहि शब्द नाहीं, व म्हणून वेळहि नाहीं. पणती मात्र आम्हीं मुद्दाम आरंभींच मांडून ठेविली आहे. संध्याकाळीं दिवा हवा म्हणून तेव्हां नवी पणती आणून ठेवणें म्हणजे नियम मोडणें होय. पण जी पणती चारहि वेळां तेथेंच आहे ती विझलेली आहे कीं तेवत आहे, हें सांगणें उजेडाचेंच वर्णन आहे. जी वस्तु पुढें लागणार ती आधींच सांगाड्यांत असली पाहिजे.

आतां पहिली वेळ. सूर्य उगवण्यास दहा-पंधरा मिनिटें अवकाश आहे.

समोर मध्यभागीं, धूसर उजेडांत, एक गोल विहीर आहे. तिच्या दगडी कांठावर, रंग अजून न उमटलेली, तांब्याची एक घागर ठेवलेली आहे. उजव्या हातास, तांबड्या उजेडावर काळेंभोर, चिंचेचें एक झाड उभें आहे. डाव्या हातास चुना दिलेली, फिकट गुलाबी उजळूं लागलेली, एक भिंत आहे, आणि तिच्या अंधारलेल्या कोनाड्यांत विझलेली एक पणती आहे. पलीकडे दूर, निळसर छायेंत, एक टेकडी आहे. वर उजवीकडून फिकें होत आलेलें आकाश पसरलें आहे.

येथें सावली हा शब्द कोठेंहि आलेला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. सूर्य क्षितिजाखालीं असतां उजेड येतो तो एका बिंदूपासून नव्हे, तर सगळ्या आकाशापासून. म्हणून वस्तूंस स्पष्ट सावल्या पडत नाहींत. पहाटेच्या वर्णनांत लांब सावल्या घालणारा विद्यार्थी वस्तुतः सूर्योदयानंतरचें वर्णन करीत असतो. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासानें सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारें आठपट लांब असते, आणि एका तासानें ती चौपटीवर येते. ती वेळ कोवळ्या उन्हाची होय. आपल्या भाषेंत झुंजुमुंजु, तांबडें फुटणें, उजाडणें आणि कोवळें ऊन हे शब्द एकाच अर्थाचे नाहींत. ते एकामागून एक येणाऱ्या वेळांचे शब्द आहेत, आणि एका परिच्छेदांत त्यांपैकीं एकाचीच वेळ असूं शकते.

तांबडा रंग कां, हेंहि थोडक्यांत सांगूं. सूर्य क्षितिजाजवळ असतां त्याचे किरण हवेंतून फार लांबचा प्रवास करून आपणांपर्यंत येतात. त्या प्रवासांत निळा प्रकाश हवेच्या कणांमुळें इतस्ततः विखुरला जातो व तांबडा आणि पिवळा तेवढा सरळ येऊन पोंचतो. म्हणून तांबडेपणा पूर्वेकडे, म्हणजे आपल्या उजव्या हातास, झाडामागें आहे. झाडाची आपल्याकडील बाजू उजेडाच्या विरुद्ध पडल्यामुळें काळी दिसते, आणि पूर्वेकडे तोंड असलेली भिंत तो उजेड आपल्या अंगावर घेते.

दुसरी वेळ, भर दुपार. पुण्याकडे त्या दिवसांत सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळांतील बाराला नव्हे, तर साडेबारा वाजून गेल्यावर.

समोर मध्यभागीं, लख्ख उन्हांत, एक गोल विहीर आहे. तिच्या दगडी कांठावर, पाहवत नाहीं अशी झळाळणारी, तांब्याची एक घागर ठेवलेली आहे. उजव्या हातास, सावली पायाशीं गोळा झालेलें, चिंचेचें एक झाड उभें आहे. डाव्या हातास चुना दिलेली, वरून उतरणाऱ्या उन्हानें जेमतेम शिवलेली, एक भिंत आहे, आणि तिच्या खालून उजळलेल्या कोनाड्यांत विझलेली एक पणती आहे. पलीकडे दूर, उजेडांत फिकी पडलेली, एक टेकडी आहे. वर पांढुरकें झालेलें आकाश पसरलें आहे.

भिंत “जेमतेम शिवलेली” कां? दुपारच्या वर्णनांत चुन्याची भिंत आली कीं हात आपोआप “डोळे दिपविणारी पांढरीशुभ्र” असें लिहून मोकळा होतो. परंतु आपली भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य माथ्यावर, किंचित् दक्षिणेकडे, असतां त्याचे किरण भिंतीला घासून खालीं उतरतात. ते तिच्यावर समोरून पडत नाहींत. त्यामुळें चुन्याचा प्रत्येक खळगा व फुगवटा उठून दिसतो, पण भिंत दिपवीत नाहीं. दिपविणारी असते ती जमीन. त्या तापलेल्या जमिनीवरचा उजेड उलटून वर जातो आणि कोनाड्याचें छत खालून उजळतें. ही गोष्ट मनानें सुचावयाची नाहीं. ती जाऊनच पाहावी लागते.

सावलीचेंहि माप आहे. त्या दिवशीं तीन हात उंचीची काठी उभी केली तर भर दुपारीं तिची सावली सुमारें एक हात पडेल, आणि ती उत्तरेकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, पडेल. मे महिन्याच्या मध्यास पुण्यामुंबईकडे एक दिवस असा येतो कीं त्या दुपारीं काठीची सावली तिच्याच बुडाशीं नाहींशी होते. उलट डिसेंबरांत भर दुपारींहि सावली बरीच लांब राहते. म्हणून “दुपार” एवढें मनांत धरून भागत नाहीं; कोणत्या महिन्याची दुपार हेंहि लिहिणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

तिसरी वेळ. सूर्य मावळून दहा-पंधरा मिनिटें झालीं आहेत.

समोर मध्यभागीं, सांवळत चाललेल्या उजेडांत, एक गोल विहीर आहे. तिच्या दगडी कांठावर, डाव्या अंगास मंद तांबूस चकाकणारी, तांब्याची एक घागर ठेवलेली आहे. उजव्या हातास, शेंड्यावर पिवळसर झांक रेंगाळलेलें, चिंचेचें एक झाड उभें आहे. डाव्या हातास चुना दिलेली, केशरी उजेडावर काळवंडलेली, एक भिंत आहे, आणि तिच्या उजळलेल्या कोनाड्यांत तेवणारी एक पणती आहे. पलीकडे दूर, जांभळट छायेंत, एक टेकडी आहे. वर डावीकडून विझत चाललेलें आकाश पसरलें आहे.

सगळ्या प्रयोगांतील अवघड जागा हीच होय. पहाट आणि तिन्हीसांज यांत सूर्य क्षितिजाखालीं तितकाच असतो, सावल्या दोन्ही वेळीं नसतात, आणि तांबडेपणाचें कारणहि एकच असतें. नुसतें “आकाश तांबूस झालें होतें” असें लिहिल्यास तें दोहोंपैकीं कोणत्याहि वेळेस लागू पडेल. मग वाचणाऱ्यानें ओळखावें कशावरून? उत्तर एकच: दिशेवरून. पहाटे झाड काळें व भिंत उजळ होती. आतां भिंत काळी झाली आहे आणि झाडाच्या शेंड्यावर झांक आहे. झाड उजवीकडे व भिंत डावीकडे हें आपण पक्कें करून ठेविलें नसतें, तर हा फरक दाखवावयास आपणांजवळ साधनच उरलें नसतें. देखावा हलवावयाचा नाहीं, हा नियम केवळ लिहिणाऱ्याचे हात बांधण्यासाठीं नाहीं. वेळ ओळखण्याची खूण तोच पुरवितो.

दुसरा फरक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. रात्रभर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांस पहाटेचा थोडा उजेडहि पुष्कळ वाटतो. दिवसभर उन्हाला सरावलेल्या डोळ्यांस तितकाच उजेड संध्याकाळीं अपुरा वाटतो. म्हणून पहाटेस “उजळूं लागलेली”, “फिकें होत आलेलें” असे वाढतीचे शब्द शोभतात, आणि तिन्हीसांजेस “सांवळत चाललेल्या”, “विझत चाललेलें” असे ओसरतीचे. क्रियापदाचें हें वळण रंगाच्या शब्दाहून अधिक काम करतें.

चौथी वेळ, रात्रीं नऊचा सुमार. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारास पूर्वेस उगवलेला असून आतां उजवीकडे बऱ्यापैकीं वर आला आहे.

समोर मध्यभागीं, टिपूर चांदण्यांत, एक गोल विहीर आहे. तिच्या दगडी कांठावर, रंग हरपून उजव्या अंगास पांढुरकी लकाकणारी, तांब्याची एक घागर ठेवलेली आहे. उजव्या हातास, डावीकडे काळी सावली टाकणारें, चिंचेचें एक झाड उभें आहे. डाव्या हातास चुना दिलेली, दुधासारखी उजळलेली, एक भिंत आहे, आणि तिच्या पिवळ्या उजेडानें भरलेल्या कोनाड्यांत तेवणारी एक पणती आहे. पलीकडे दूर, बारकावे पुसले गेलेली, एक टेकडी आहे. वर काळसर निळें झालेलें आकाश पसरलें आहे.

चंद्राचा उजेड सकाळच्या उन्हाप्रमाणेंच पूर्वेकडून येत आहे. सावल्याहि स्पष्ट आहेत. मग ही रात्र कशी? कारण रंग गेले आहेत. पौर्णिमेचा चंद्र सूर्याहून सुमारें ४ लाख पटींनीं मंद असतो. इतक्या मंद उजेडांत डोळ्यांतील रंग ओळखणारे घटक जवळजवळ थांबतात, व केवळ उजेड आणि अंधार ओळखणारे तेवढे काम करतात. तांबडा रंग सर्वांआधीं मालवतो. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञानें हें निरीक्षण नोंदवून ठेविलें. म्हणून चांदण्यांत “तांबूस चमकणारी घागर” लिहिणें चूक होय. पणतीजवळचा पिवळेपणा मात्र लिहितां येतो, कारण तेथें रंग दिसण्यापुरता उजेड आहे. तसेंच टिपूर चांदणें आणि ताऱ्यांनीं खच्चून भरलेलें आकाश हीं दोन्ही एका वाक्यांत नांदूं शकत नाहींत. पौर्णिमेच्या प्रकाशांत बारीक तारे बुडून जातात. तारे हवे असतील तर रात्र अमावास्येच्या आसपासची धरावी, पण मग भिंतीचें दूध सोडावें लागेल.

आतां लिहिलेल्या वर्णनाची परीक्षा कशी घ्यावी? पहिली परीक्षा स्वतःच करण्याजोगी आहे. चारहि परिच्छेदांतील उजेडाच्या शब्दांवर पेन्सिलीनें रेघ ओढावी. उरलेले शब्द चारहि ठिकाणीं अक्षरशः सारखे, म्हणजे मूळ सांगाड्याप्रमाणें, असले पाहिजेत. कोठें एखादा शब्द अधिक उरला, तर तेथें उजेडाचें काम एखाद्या वस्तूकडून किंवा भावनेकडून करून घेतलें आहे असें समजावें. “रम्य”, “मनोहर”, “उदास” हे बहुधा असे उरतात. ते पाहणाऱ्याविषयीं बोलतात, उजेडाविषयीं नव्हे.

दुसरी परीक्षा घरच्या मंडळींकडून करवावी. परिच्छेदांचा क्रम उलटसुलट करून आई, वडील किंवा आजी यांस ते वाचून दाखवावे. पाहणाऱ्याचें तोंड उत्तरेस आहे एवढेंच आधीं सांगावें, आणि वेळ ओळखावयास लावावी. दुपार सहसा चुकत नाहीं. पहाट आणि तिन्हीसांज यांची अदलाबदल झाली, तर दिशेचा शब्द कमी पडला आहे. रात्र सकाळ वाटली, तर रंगाचा एखादा शब्द अधिक झाला आहे. ऐकणाऱ्याच्या चुकीवरून आपला कोणता शब्द दुरुस्त करावयाचा हें असें नेमकें कळतें.

या रीतीला एक मर्यादा आहे, तीहि सांगितली पाहिजे. आषाढश्रावणांत आभाळ गच्च भरून आलेलें असतां उजेड सगळीकडून सारखाच येतो. तेव्हां ना दिशा राहते, ना सावली, ना पूर्वपश्चिमेचा तांबडेपणा. अशा दिवशीं सकाळचे दहा आणि दुपारचे चार यांतील फरक आपल्या सांगाड्यांत उजेडाच्या शब्दांनीं दाखवितां येणार नाहीं, कारण देखाव्यांतच तो फरक नसतो. तेथें वेळ सांगावयाची असेल तर शाळेची घंटा किंवा परतणारीं गुरें यांचेंच साह्य घ्यावें, आणि तें निःसंकोच घ्यावें. मात्र आभाळ मोकळें असेल त्या दिवशीं विहीर, झाड आणि भिंत यांस जागचें हलवूं नये. त्यांच्यावर काय पडलें आहे व कोणत्या बाजूनें पडलें आहे, तेवढेंच पाहावें व लिहावें.